आधी आवाहन, मग लाभ, शेवटी हुक

छोट्या उद्योजकांच्या कार्यशाळांना मी गेली काही वर्षे जातो आहे. कधी शिकवायला, बहुतेकदा मागच्या रांगेत बसून ऐकायला. दोन मिनिटांच्या ब्रँड-व्हिडिओची संहिता कशी लिहावी, या विषयावर तिथे आता मतभेद उरलेलेच नाहीत. फळ्यावर तीन शब्द लिहिले जातात : हुक, बेनिफिट, कॉल टू अ‍ॅक्शन. मग वक्ता पहिल्या शब्दाभोवती दोनदा गोल काढतो आणि सांगतो, सगळा खेळ इथेच आहे. पहिल्या तीन सेकंदांत धक्का बसला पाहिजे. उरलेले आपोआप होते. हुकसाठी दोन तास जातात आणि बाकीचे दोन शब्द जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत उरकले जातात.

या मताला माझा विरोध आहे. त्या तीन शब्दांना नाही. त्यांच्या क्रमाला, आणि पहिल्या शब्दाच्या अर्थाला. माझे प्रतिपादन असे की, संहिता लिहिताना आवाहन सर्वांत आधी ठरते, त्यावरून लाभ ठरतो, आणि हुक त्या दोहोंतून सर्वांत शेवटी निघतो. पडद्यावर क्रम उलटा दिसतो, म्हणून कागदावरही तो तसाच असावा, असे मानणे ही मूळ चूक आहे.

आता पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे असे : पूर्वी माणूस दूरदर्शनसमोर बसलेला असे, जाहिरात त्याच्यासमोर येई आणि तो उठून जात नसे. आज अंगठा मोबाइलवर असतो आणि पुढचा व्हिडिओ अर्ध्या इंचावर. तुमचा लाभ कितीही मोठा असो, तो विसाव्या सेकंदाला येणार असेल आणि बघणारा चौथ्या सेकंदाला निघून गेला असेल, तर तो लाभ कोणासाठी? जो थांबलाच नाही त्याला काही विकता येत नाही. म्हणून थांबवणे हे पहिले काम, आणि थांबवायचे तर दचकवले पाहिजे. शिवाय छोट्या व्यावसायिकाला कोणी ओळखत नाही. मोठ्या कंपनीचे नाव दिसले तर माणूस क्षणभर थांबेल, कोपऱ्यावरच्या दुकानाचे नाव पाहून कशाला थांबेल?

यातले निम्मे मला मान्य आहे. पहिली दहा सेकंदे फिरणाऱ्या लोगोवर, ड्रोनमधून टिपलेल्या गावाच्या दृश्यावर आणि ‘गेली पन्नास वर्षे ग्राहकांच्या सेवेत’ या वाक्यावर घालवणारे व्हिडिओ मीही पाहिले आहेत. दोन-तीन लिहिलेही आहेत. त्यांच्याविरुद्ध हे मत उभे राहिले आणि त्याने मोठे उपकार केले. पण थांबवणे आवश्यक आहे, एवढ्यावरून ते पुरेसे ठरते का? आणि दचकवल्याशिवाय कोणी थांबत नाही, हे कुठून आले?

आधी त्या तीन सेकंदांचा उगम पाहू. फेसबुकने व्हिडिओ तीन सेकंद चालला की त्याला एक ‘व्ह्यू’ धरायला सुरुवात केली, आणि तो आकडा जाहिरातदारांच्या तोंडी बसला. यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनी वगळता येते; आणि जाहिरात पाहिली असे तिथे धरले जाते ते तीस सेकंदांनंतर, किंवा ती त्याहून लहान असेल तर पूर्ण पाहिल्यावर, किंवा बघणाऱ्याने त्यावर काही कृती केल्यावर. माणूस तोच, मोबाइलही तोच. मग एका ठिकाणी तीन आणि दुसऱ्या ठिकाणी तीस कसे? कारण हे आकडे मोजणाऱ्याच्या सोयीचे आहेत, बघणाऱ्याच्या मनाचे नाहीत. याच पंगतीत ती आठ सेकंदांची गोष्ट बसते : माणसाचे अवधान आता सोनमाशापेक्षा कमी झाले आहे म्हणे. ही गोष्ट पसरली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या 2015 मधील एका अहवालातून. 2017 मध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराने तिचा माग काढला, तेव्हा आकड्याखाली आधार देता येईल असे संशोधन सापडले नाही. अवधानाचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याला सांगितले की, अवधान कामागणिक बदलते. त्याला एक सरासरी लांबी नसते. तीच गृहिणी आठ सेकंदांत जाहिरात ढकलते आणि पुरणपोळीची वीस मिनिटांची कृती सलग पाहते. हे आपण घरात रोज पाहतो. तरी कार्यशाळेत सोनमासा पोहतोच आहे.

म्हणजे प्रश्न किती सेकंदांत, हा नव्हेच. कोणाला, हा आहे.

आपल्या गल्लीत पूर्वी कल्हईवाला येई. तो काय ओरडत असे? ‘कल्हईऽऽ’. एवढेच. त्याने कधी ‘तुमच्या स्वयंपाकघरात विष आहे’ असे ओरडून सगळी गल्ली खिडकीत आणली नाही. ज्या घरात पितळेचे पातेले काळवंडले होते तिथली बाई बाहेर येई. बाकीची दारे बंदच राहत आणि त्याचे त्याला काही वाटत नसे. त्याची हाक दचकवत नव्हती, निवडत होती. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातलेखकाने 1923 मधल्या आपल्या ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात मथळ्याबद्दल हेच मांडले : मथळ्याचे काम आपल्याला हवी ती माणसे गर्दीतून वेचून काढणे. हुक म्हणजे हाक. ज्याला ती नाही, तो निघून गेला तर नुकसान कोणाचे?

धक्क्याचा हुक मीही लिहिला आहे आणि त्याची फळे भोगली आहेत. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या एका दुकानासाठी मी पहिल्या चार सेकंदांत रुग्णवाहिकेचा भोंगा आणि काळा पडदा टाकला होता. मग दिवा लागतो, आणि ‘वीज गेली तर?’ लोकांनी व्हिडिओ पाहिला, पुढे पाठवला, गावात चर्चाही झाली. महिन्याभराने मालकाने मला बोलावून शांतपणे सांगितले, “दादा, तो अँब्युलन्सचा पिक्चर सगळ्यांनी बघितलाय. कुणी म्हणतंय हॉस्पिटलचा आहे, कुणी म्हणतंय रक्तदानाचा.” बॅटरी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. भोंगा राहिला होता. दोष माझा होता. भोंगा बॅटरीच्या पोटातून आलेला नव्हता, मी तो बाहेरून आणून चिकटवला होता.

धक्क्याची ही व्याधी आलेखावर दिसते. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्याला बघणारे कुठल्या सेकंदाला गळाले याची रेघ पाहता येते. चांगल्या व्हिडिओत ती सुरुवातीला थोडी घसरते आणि मग बेताने उतरत जाते. धक्क्याच्या व्हिडिओत धक्का असेपर्यंत रेघ वर राहते, आणि तो संपून मूळ विषय सुरू झाला की कड्यावरून दगड पडावा तशी खाली येते. कारण बघणारा ज्यासाठी थांबला होता ते संपले आणि ज्यासाठी थांबला नव्हता ते सुरू झाले. ‘तीन सेकंद राखा, उरलेले आपोआप होते’ असे म्हणणाऱ्यांनी ही रेघ एकदा अकराव्या सेकंदाला पाहावी.

यावर प्रतिपक्षाचा हुकमी पुरावा ठरलेला असतो : डॉलर शेव्ह क्लब. मार्च 2012 मध्ये मायकेल डुबिन या तरुणाने वस्तऱ्याची पाती घरपोच देण्याच्या धंद्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. लांबी दीड मिनिटाच्या आसपास, खर्च सुमारे साडेचार हजार डॉलर. पहिल्या दोन दिवसांत बारा हजारांच्या घरात मागण्या आल्या, संकेतस्थळ कोलमडले, आणि 2016 मध्ये युनिलिव्हरने ती कंपनी विकत घेतली. किंमत एक अब्ज डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. त्या व्हिडिओत शिवी आहे, कोयता आहे, अस्वलाचा पोशाख घालून नाचणारा माणूस आहे. मग? धक्का नाही तर दुसरे काय चालले?

मी वाचकांना विनंती करतो की, हा व्हिडिओ घड्याळ लावून पुन्हा पाहावा. पहिली दहा-बारा सेकंदे काय होते? एक माणूस साध्या टेबलापाशी बसून आपले नाव सांगतो, कंपनीचे नाव सांगतो, आणि महिन्याला एक डॉलर घेऊन चांगली पाती घरी पाठवतो, असे सरळ सांगतो. दाढी करणाऱ्या आणि महागड्या पात्यांना वैतागलेल्या माणसाला हाक मारून झालेली असते. शिवी त्यानंतर येते. कोयता त्यानंतर. अस्वल तर शेवटी. म्हणजे विनोदाने माणसे थांबवली नाहीत. एका डॉलरने थांबवली आणि विनोदाने टिकवून ठेवली. जो पुरावा प्रतिपक्ष मिरवतो, तो त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. लोकांना अस्वल आठवते, कारण अस्वल आठवण्यासारखेच असते. पण मागणी नोंदवणाऱ्यांना किंमत पहिल्या पंधरा सेकंदांत कळली होती.

येथवर खंडन झाले. पण नुसते पाडून चालत नाही. बांधून दाखवले पाहिजे. एक संहिता मी कशी लिहिली ते सांगतो.

कराडकडच्या एका गावात एक काकू आणि त्यांचा मुलगा लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचे तेल काढतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. गावातल्या आणि आसपासच्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरवायचा, आणि महिला बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉलवर टीव्ही लावून दाखवायचा. मुलाने एक यादी दिली. त्यात अकरा गुण होते : नैसर्गिक, रसायनमुक्त, हृदयाला चांगले, कोलेस्टेरॉल नाही, पारंपरिक, आजोबांपासूनचा धंदा वगैरे. हुकसाठी त्याला हवे होते, ‘तुम्ही रोज विष खाताय का?’ कार्यशाळेत त्याला हेच शिकवले होते.

मी यादी बाजूला ठेवली आणि आधी शेवटाकडे गेलो. व्हिडिओ संपल्यावर बघणाऱ्या बाईने नेमके काय करायचे? मुलगा म्हणाला, फोन करावा, व्हॉट्सअ‍ॅप करावे, दुकानात यावे, पेजला फॉलो करावे, चार जणींना पाठवावे. ही पाच कामे झाली. पाच कामे सांगितलेला माणूस एकही करत नाही, हे घरातल्या मुलांकडे पाहूनही कळते. आवाहन एकच हवे, आणि ते अनोळखी माणसाला जमेल इतके लहान हवे. एक लिटरची बाटली तेव्हा 380 रुपयांना होती. न चाखलेल्या तेलाला पहिल्या भेटीत कोण एवढे देईल? मग 200 मिलिलिटरची सीलबंद बाटली करायची ठरली. काकूंच्या मनात होते की, बायकांनी घरून रिकामी बाटली आणावी, आपण भरून देऊ. कल्पना गोड होती, पण सुटे खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे. ते सीलबंदच विकावे लागते. तेव्हा आवाहन असे ठरले : या नंबरवर ‘घाणा’ एवढा एकच शब्द पाठवा, तुम्हाला पत्ता आणि रविवारी घाणा चालू असण्याची वेळ येईल, या, बघा, लहान बाटली न्या. शब्द पाठवल्यावर पुढे काय होईल, हेही त्यात सांगितलेले आहे. हे फार जण विसरतात. माणूस मेसेज टाकायला कचरतो तो कष्टामुळे नव्हे. पाठीमागे विक्रीचे फोन लागतील या धास्तीने.

आता लाभ. आवाहन ‘येऊन बघा’ असे ठरले, तेव्हाच अकरापैकी दहा गुण गळाले. जे येऊन बघता येत नाही, ते या व्हिडिओत कशाला? हृदय बघता येत नाही. शिवाय खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत आरोग्याचा दावा करायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम शास्त्रीय आधार मागतात. तो काकूंकडे कुठून असणार? कोलेस्टेरॉल तर कुठल्याच वनस्पती तेलात दखल घेण्याइतके नसते. ते नाही म्हणून सांगणे म्हणजे आमच्या पाण्यात मीठ नाही असे विहिरीने सांगण्यासारखे. उरले एकच : बाटलीत काय आहे ते तुम्ही डोळ्यांनी पाहू शकता. हाच लाभ. दोन मिनिटांना एक लाभ पुरतो, हे ऐकून मुलगा नाराज झाला. पण अकरा लाभ सांगायचे तर प्रत्येकाला फार तर दहा-अकरा सेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात लाभाचे नाव घेता येते, तो सिद्ध करता येत नाही. बघणाऱ्याला नावे सगळ्यांचीच माहीत आहेत.

मग हुक उरला. मी काकूंना विचारले, “गिऱ्हाईक दारात आलं की पहिलं काय म्हणतं?” त्या हसल्या. “काय म्हणणार! येवढं महाग कसं काय, म्हणतंय. मग मी म्हणते, बाई, दाणं किती लागत्यात बघा की.” हुक सापडला होता. तो काकूंच्या तोंडात कित्येक वर्षे पडून होता आणि कार्यशाळेत कोणी तिथे पाहिले नव्हते.

त्याचा हिशेब आधी केला, कारण हुकमध्ये आकडा येणार होता आणि तो चुकला असता तर सगळा व्हिडिओ खोटा पडला असता. लाकडी घाण्यावर दाण्यांच्या वजनाच्या साधारण 40 टक्के तेल हाती येते. अडीच किलो दाण्यांतून एक किलो. तेल पाण्याहून हलके; एक लिटरचे वजन 910 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे अडीच किलोतून एक लिटरहून थोडे जास्त, आणि दोन-तीन दिवस ठेवून गाळ बसल्यावर एक लिटरची बाटली भरते. आम्ही काट्यावर मोजूनही पाहिले. त्या आठवड्याच्या भावाने अडीच किलो दाणे 325 रुपयांचे होते. मजुरी, वीज, बाटली वर. पेंड विकून थोडे परत. मग 380 मध्ये महाग काय आहे?

संहिता दोन रकान्यांत लिहिली : डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. सुरुवात अशी. दुकानातला वजनकाटा, त्यावर रिकामी परात. काकूंचे हात पोत्यातून दाणे ओतताहेत. दाणे परातीवर पडल्याचा आवाज, बाकी काही नाही. काट्यावरचा आकडा चढत चढत अडीच किलोवर थांबतो. मग काकूंचा आवाज : “हे अडीच किलो दाणे. यातनं तेल निघतं एक लिटर.” परातीशेजारी एक लिटरची बाटली ठेवली जाते. बारा सेकंद झाले. यात धक्का कुठे आहे? पण जिने कधीही तेल विकत घेतले आहे, तिच्या मनात लगेच दुसरा हिशेब सुरू होतो : मग आपण घरी आणतो ते इतके स्वस्त कसे? हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तिने स्वतः विचारला. दुसऱ्याच्या तेलाला नावे न ठेवता हे झाले, हेही महत्त्वाचे. बाजारातले तेल यंत्रांवर आणि वेगळ्या पद्धतीने निघते, त्यात उतारा जास्त असतो, आणि त्याला विष म्हणण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता.

पुढच्या तेरा सेकंदांत काकू कॅमेऱ्याकडे पाहून आपले नाव, गाव आणि घाण्याचे नाव सांगतात. हे इतक्या लवकर का? कारण निम्मे लोक शेवटापर्यंत पोहोचत नाहीत, हे प्रतिपक्षाचेच म्हणणे आहे. ते खरे असेल तर नाव आणि ठिकाण शेवटी ठेवणे हा वेडेपणा नव्हे काय? किंमत मात्र काकू बोलत नाहीत. ती पडद्यावर अक्षरांत येते. आम्ही त्याला सुपर म्हणतो. दाण्याचा भाव बदलला की सुपर पाच मिनिटांत बदलता येतो, आवाज पुन्हा रेकॉर्ड करावा लागत नाही. अडीच किलो हे वजन बदलत नाही, म्हणून ते आवाजात. 380 बदलतात, म्हणून ते अक्षरांत. नंबरही अक्षरांत, तळाला, आणि तो पंचविसाव्या सेकंदापासून शेवटपर्यंत हलत नाही. प्रदर्शनात टीव्हीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, आणि तिथे माणसे मधूनच येऊन उभी राहतात, त्यांच्यासाठी हे.

पंचवीस ते पंचाहत्तर, ही पन्नास सेकंदे व्हिडिओचे पोट. घाणा फिरतो आहे, लाकडावर लाकूड कुरकुरते आहे, दाण्यांचा आधी चुरा, मग लगदा, मग कडेने पहिला तेलकट ओलावा, आणि शेवटी नळीतून पडणारी जाड, पिवळी धार. पार्श्वसंगीत नाही. या भागात मी फक्त चार वाक्ये लिहिली. मुलाला ते रिकामे वाटले. पण मराठी निवेदन घाई न करता वाचले तर मिनिटाला 110 शब्दांच्या वर गेलेले मला ऐकवत नाही. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतात. दोन मिनिटांत 220 शब्द मावतात, आणि धार पडताना गप्प राहायचे असेल तर दीडशेच. पहिला मसुदा 340 शब्दांचा होता. घड्याळ लावून मोठ्याने वाचला तेव्हा काकूंना धाप लागली. कात्री लावायला याहून चांगले कारण नसते.

पंचाहत्तर ते पंच्याण्णव : आक्षेप. हा भाग त्या तीन शब्दांच्या सूत्रात नाहीच, आणि हे त्या सूत्राचे सर्वांत मोठे उणेपण मला वाटते. लाभ पटला आणि आवाहन झाले, यांच्यामध्ये बघणाऱ्याच्या मनात एक ‘पण’ उभा असतो. काकू बाटली उजेडात धरतात : तळाला थोडा गाळ दिसेल, तो दाण्याचाच आहे. कढईत टाकल्यावर दाण्याचा वास येईल, काहींना सुरुवातीला तो आवडत नाही. आणि हे तेल तीन महिन्यांत संपवा. विक्रीच्या व्हिडिओत उणीव सांगायची? मुलगा चक्रावला. पण गाळ गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर दिसणारच होता. तिने तो आधी पाहिलेला असेल तर तो शुद्धतेची खूण, नंतर पाहिला तर भेसळीचा संशय. एकाच गाळाचे दोन अर्थ. फरक फक्त कोणी आधी सांगितले याचा.

शेवटच्या पंचवीस सेकंदांत आवाहन, एकच, दोनदा. आधी काकू सांगतात. मग पडद्यावर मोबाइलचे चित्र, त्यात ‘घाणा’ हा शब्द टाइप होतो, खाली उत्तर येते : पत्ता, रविवार, वेळ.

आता प्रतिपक्ष म्हणेल, हे सगळे ठीक. पण चालले की नाही हे कसे ठरवणार? आमच्याकडे निदान व्ह्यूचा आकडा आहे. प्रश्न रास्त आहे. पण तो एक शब्द मी त्याचसाठी ठेवला होता. व्हिडिओ पाहिल्याखेरीज कोणी ‘घाणा’ असा मेसेज टाकत नाही. म्हणून असा प्रत्येक मेसेज व्हिडिओचाच धरता येतो. प्रदर्शनातल्या प्रतीत आम्ही शब्द बदलून ‘परात’ केला, म्हणजे दोन ठिकाणांचे वेगळे कळावे. बघणारे पुष्कळ आणि मेसेज कमी, तर आवाहन जड झाले आहे. मेसेज येतात पण रविवारी कोणी येत नाही, तर लाभ नीट दाखवलेला नाही, किंवा वेळ चुकली आहे. लोक मेसेजमध्ये किंमतच विचारू लागले, तर सुपर लहान पडला. बघणारेच कमी असतील, तरच हुककडे बोट दाखवावे. व्ह्यूचा एकटा आकडा यांतले काय सांगतो? आजारी माणसाचे वजन तेवढे सांगतो.

आणखी एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. धक्का नको म्हणता, मान्य, पण गोष्ट? लोक वस्तू विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात, असे सांगणारी जाणती मंडळी आहेत. आजोबांनी दुष्काळात घाणा बंद पडू दिला नाही, ही गोष्ट त्या घरात खरोखर होती आणि सुंदर होती. मी ती व्हिडिओत घेतली नाही. कारण आजोबांची गोष्ट ऐकून बघणारी हळहळेल, पण तिचा ‘एवढे महाग का’ हा प्रश्न जिथल्या तिथेच राहील. गोष्ट मालकाला प्रिय असते. प्रश्न गिऱ्हाइकाचा असतो. ज्यांना तेलाची चव आधीच लागली आहे, त्यांच्यासाठी ती गोष्ट वेगळी, निवांत चार मिनिटांची करावी. त्यांना ती ऐकायला आवडेल. पंधरा सेकंदांची रील करायची असेल तर तिथले शास्त्र वेगळे, आणि तिथे कदाचित दचकवणाऱ्यांचेच बरोबर असेल. तिथे मी वाद घालायला जाणार नाही.

मुलाने मात्र शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. शूटिंगच्या सकाळी त्याने आजोबांची तसबीर घाण्याच्या मागच्या भिंतीवर आणून लावली आणि मला विचारले, “आता काढा म्हणणार का?” मी कॅमेरामनला फ्रेम थोडी डावीकडे घ्यायला सांगितली. धार पडत असताना ती मागे दिसते, निवेदनात तिचा उल्लेख नाही. पहिल्या रविवारी आलेल्या एका बाईंनी बाटली हातात घेण्याआधी तिच्याकडे बोट दाखवून विचारले, “हे कोण?” आणि मग काकूंनी त्यांना ती गोष्ट सांगितली, पूर्ण, दुष्काळासकट.